तीन महिन्यांत दहा किलो, थायरॉईड असला तरी?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या रविवारी अंकाच्या घडीतून जिमचं एक पत्रक पडलं: 'तीन महिन्यांत दहा किलो कमी, थायरॉईड असला तरी!' दीड वर्षापूर्वी अशाच एका जिमचे पैसे मी भरले होते, म्हणून हे पत्र.

तेव्हा माझं टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडला की रक्तात वाढणारं संप्रेरक, ३८ होतं, वजन ७६ किलो. थायरॉईडची गोळी सुरू होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. पहिल्याच आठवड्यात ट्रेनरने चार सेट उठाबशा काढून घेतल्या. पुढचे पाच दिवस मी जिना उलटी उतरत होते. 'आळस झटका, मॅडम,' तो म्हणाला. डॉक्टरांनी स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं सीपीके तपासलं, तर ते नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी वर. थायरॉईडचं संप्रेरक कमी असलं की स्नायू आखडतात, व्यायामानंतर सावरायलाही वेळ लागतो. त्याला आळस म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याच्या लंगडण्याला नाच म्हणण्यासारखं.

गोळीचा परिणाम पोटात गेल्या गेल्या दिसत नाही. रक्तातली पातळी स्थिरावायलाच पाच-सहा आठवडे जातात, म्हणून टीएसएच पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात. माझं तेव्हा ९ आलं. त्यात चूक माझीही होती: गोळीपाठोपाठ चहा, आणि नाश्त्याबरोबर कॅल्शियम. आता उठल्याबरोबर गोळी पाण्याबरोबर, चहा तासाभराने आणि कॅल्शियम रात्री. डोसही डॉक्टरांनी थोडा वाढवला. पुढच्या तपासणीत २.८.

तोवर व्यायाम सोडला नाही, आवरता घेतला. आठवड्यातून दोनदा हलकी वजनं, मध्ये दोन दिवस मोकळे, बाकी तळजाईवर चालणं. दुखणं तिसऱ्या दिवशीही उरलं, तर पुढच्या वेळी एक सेट कमी. एवढा एकच नियम.

वजनाचं म्हणाल, तर पहिल्या दोन महिन्यांत अडीच किलो गेलं. बोटात रुतलेली अंगठी सैल झाली, घोट्यांची सूज उतरली, म्हणजे ते बहुतेक पाणीच होतं. थायरॉईडमुळे वाढतं ते वजन साधारण दोन ते साडेचार किलो, तेही बरंचसं मीठ-पाण्याचं. बाकीचं माझ्या साबुदाणा वड्यांचं! ते उतरवायला टीएसएच ताळ्यावर आल्यानंतरही चारचौघांसारखंच खाणं मोजावं लागलं. आठवड्याला सरासरी तीनशे ग्रॅम, आणि मध्ये तीन आठवडे काटा हललाच नाही.

त्या तीन आठवड्यांत 'गोळी थोडी वाढवून घे' असा सल्ला देणाऱ्या दोघीजणी भेटल्या. वजनासाठी डोस वाढवला, तर छातीत धडधड होते, हाडं झिजतात. मी वाढवला नाही.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना पूर्वी तीनदा थांबायचे. टीएसएच २.८ झाल्यावरही न थांबता चढायला आणखी तीन महिने लागले. पत्रकातले तीन महिने तोवर कधीच उलटून गेले होते, आणि भरलेले पैसेही.

आपली,
एक वाचक, सहकारनगर, पुणे