फोटोंच्या डब्याबद्दल, सविस्तर

प्रिय मित्रा,

काकूंच्या कपाटात जुन्या फोटोंचा डबा सापडल्याचं तू फोनवर सांगितलंस आणि लगेच स्कॅनरच्या चौकशीला लागलास. स्कॅनर घे, पण आधी तो नको. डबा कोरड्या जागी ठेवलास तर फोटो आणखी काही वर्षं तग धरतील. काकूंच्या आठवणींचा मात्र तसा भरवसा नाही, हे तूच बोललास. म्हणून काम उलट्या क्रमाने कर. आधी विचारून घे, स्कॅनिंग मागाहून. विचारायला मोबाइलवर काढलेली साधी प्रतही चालते.

थोरल्या आत्याबरोबर बसून मी आमचे फोटो लावले, त्यातून जे हाती लागलं ते लिहितो. माझ्या मते नावं मिळवणं हे निम्मंच काम आहे. सांगितलेलं नाव कितपत खरं हे पुढे कुणाला तरी तपासता यावं, अशा रीतीने ते लिहून ठेवणं हे उरलेलं निम्मं, आणि तेच बहुतेक जण सोडून देतात.

डबा उपसण्याआधी तो जसा आहे तसाच वरून एक फोटो काढ. फोटो कोणत्या क्रमाने ठेवलेत, कोणते एका पाकिटात आहेत, यातही माहिती असते. एकाच रोलचे फोटो बहुधा एकत्र राहिलेले असतात आणि त्यातल्या एकाची तारीख कळली की बाकीच्यांचीही कळते. मग प्रत्येकाला एक क्रमांक दे. पुढे सगळ्या नोंदी या क्रमांकानेच होतील.

आता कोणते फोटो आधी दाखवायचे? ज्यातलं एकही माणूस तुला ओळखता येत नाही, ते. तुझ्या लहानपणीचे फोटो मागे ठेव, ते ओळखणारे आणखी दहा जण आहेत. विसराळूपणा वाढायला लागला की बहुधा अलीकडचं आधी पुसट होतं आणि तरुणपणचं जास्त काळ टिकतं. त्यामुळे सकाळचा चहा कुठे ठेवला हे न आठवणाऱ्या काकू शाळेतल्या मैत्रिणींना झटकन ओळखतील. आमच्या आत्याचं असंच झालं.

फोटो दाखवताना मूळ प्रत हातात देण्यापेक्षा मोठी करून साध्या, चकाकी नसलेल्या कागदावर छापून दे. जुने फोटो तळहाताएवढे असतात, त्यातला चेहरा नखाएवढा. वय झालेल्या डोळ्यांना तो दिसतच नाही आणि ‘आठवत नाही’ असं उत्तर येतं. आपण समजतो स्मरणशक्ती गेली, खरं तर चष्मा बदलायला झालेला असतो. त्या ताज्यातवान्या असतील अशा वेळी बस आणि अर्ध्या तासात उठ. थकल्यावर माणूस समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणत सुटतं.

त्यांची हरकत नसेल तर बोलणं रेकॉर्ड कर. पण रेकॉर्डिंगमध्ये बोट दिसत नाही. ‘हा बघ, आणि ही त्याची बायको’ हे वाक्य महिन्याभराने ऐकलंस तर कपाळावर हात मारशील. म्हणून प्रत्येक फोटोच्या सुरुवातीला क्रमांक मोठ्याने बोल आणि त्यांनी बोट ठेवलं की तूच म्हण, ‘मागची रांग, डावीकडून तिसरी’. डावीकडून म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, हे एकदा ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाक.

विचारताना एक पथ्य कसोशीने पाळ. नाव तू सुचवू नकोस. ‘या मोठ्या मावशी ना?’ म्हटलंस की काकू हो म्हणतील, आणि पुढच्या वेळी ते त्यांना स्वतःलाच आठवल्यासारखं वाटेल. ‘इथे कोण कोण आहे?’ एवढंच विचार आणि गप्प बस. गप्प बसणं तुला जड जाईल, ठाऊक आहे मला. नाव आलं नाही तर ‘आठव ना’ करत बसू नकोस. ओळखीच्या माणसाचंही नाव नेमकं जिभेवर अडतं, पण त्याच्याबद्दलचं बाकी सगळं आठवत असतं. ‘ही शिवण शिकवायची’, ‘याचा आवाज फार मोठा’ असं जे येईल ते लिहून घे. नाव कधीतरी रात्री जेवताना अचानक येतं, तेव्हा जवळ वही असली म्हणजे झालं.

आणि नाव आलंच तर पुढचा प्रश्न ठरलेला: ‘कशावरून ओळखलंत?’ हा प्रश्न किती कामाचा आहे ते मला सत्तेचाळीस क्रमांकाच्या फोटोने दाखवलं. तो जरा नीट सांगतो.

दोन रांगांत नऊ माणसं. पुढे मधोमध खुर्चीत पणजोबा, त्यांच्या शेजारी आजी, आजीच्या मांडीवर एक बाळ. कडेला काका उभे, तोंडभर हसताहेत. फोटोमागे काही नाही. आत्याने भराभर नावं सांगितली आणि बाळाला म्हणाली, ‘ही धाकटी.’ धाकट्या आत्याचा जन्म १९६३ चा. मी तेच लिहिलं आणि कशावरून विचारलं. ती म्हणाली, ‘हे कशिद्याच्या गळ्याचं झबलं धाकटीचंच. मीच घालायची तिला.’

म्हणजे ओळख झबल्याची होती, चेहऱ्याची नव्हती. मी काही बोललो नाही. संध्याकाळी वही उघडून बाकीच्यांच्या जन्ममृत्यूंची सालं समोर मांडली. पणजोबा जून १९६१ मध्ये गेले, त्यांच्या मृत्यूचा दाखला आमच्याकडे आहे. मग १९६३ मध्ये जन्मलेलं मूल त्यांच्या शेजारी कसं असेल? बाळ धाकटीच्या आधीचं हवं. मधली आत्या सप्टेंबर १९५९ ची. बाळ टेकून पण ताठ बसलंय, म्हणजे सहा महिन्यांच्या पुढचं, म्हणजे १९६० चा मार्च तरी उजाडलेला. वरची मर्यादा पणजोबांमुळे जून १९६१ ची मिळालीच होती, पण आणखी एक खूण हवी होती. ती काकांच्या हसण्यात सापडली. मोठ्या प्रतीत बघितलं तर वरचे पुढचे दोन दात नाहीत. हे दुधाचे दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षी पडतात आणि काका १९५३ चे. म्हणजे फोटो १९६० च्या आसपासचा आणि बाळ मधलं. झबलं मधलीचं, ते पुढे धाकटीला आलं.

दोन आठवडे जाऊ दिले आणि तोच फोटो पुन्हा दाखवला. मागचं काही न सांगता नुसतं विचारलं, ‘हा केव्हाचा गं?’ ती काकांकडे बघून हसली आणि म्हणाली, ‘याचे दात पडले होते, म्हणून आम्ही चिडवायचो.’ मग बाळाकडे बघून स्वतःच थबकली: ‘अगं बाई, ही मधली की काय!’

वहीत मी दोन्ही उत्तरं ठेवली आहेत. पहिलं खोडलेलं नाही. नोंद अशी आहे: क्रमांक ४७, साधारण १९६०, मांडीवरचं बाळ मधली आत्या, थोरल्या आत्याने प्रथम धाकटी सांगितली होती, झबल्यावरून, पणजोबांचा मृत्यू आणि काकांचे दात यावरून बदललं. उद्या कुणाला शंका आली तर त्याला सगळा माग मिळेल. साल नक्की नसेल तर ‘साधारण’ लिही किंवा ‘१९६० ते १९६१’ असं लिही. नुसतं १९६० लिहिलंस तर वीस वर्षांनी ते दाखल्यासारखं मानलं जाईल. आणि वहीत ‘आजी’, ‘मामा’ असं लिहू नकोस, कुणाची आजी हे तुझ्या नातवाला कळणार नाही. पूर्ण नाव लिही, बायकांचं माहेरचं नावही, आणि पुढे सांगणाऱ्याचं नाव व तारीख. मी तुला आत्या-काका लिहितोय ते पत्र आहे म्हणून.

दुसरं कुणी ओळखणारं असेल, तुझे मामा वगैरे, तर त्यांना वेगळं विचार. दोघांना एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. दोन्ही उत्तरं मिळाल्यावर मग खुशाल एकत्र बसव, गप्पा मस्त होतात.

फोटोमागे आधीच काही लिहिलेलं असलं तरी ते डोळे मिटून मानू नकोस. बॉलपेन सर्रास हाती आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. त्याआधीच्या फोटोवर बॉलपेनची अक्षरं असतील तर ती कुणीतरी मागाहून, आठवणीवर लिहिलेली आहेत. पण खोडू मात्र नकोस, अक्षर कुणाचं ते काकूंना विचार.

तुला लिहायचं असेल तर मऊ पेन्सिल घे, ४बी वगैरे. फोटो स्वच्छ कागदावर पालथा ठेव, खाली टणक सपाट काहीतरी असू दे, आणि कडेला हलक्या हाताने फक्त क्रमांक आणि मुख्य नावं लिही. चेहऱ्याच्या मागे लिहू नकोस. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला वळ उमटतात, तिरक्या उजेडात ते स्पष्ट दिसतात, आणि शाई पाझरली तर गठ्ठ्यातल्या खालच्या फोटोलाही लागते. साधारण १९७० नंतरच्या बऱ्याच फोटोंना मागून प्लास्टिकचा गुळगुळीत थर असतो, त्यावर साधी पेन्सिल उमटत नाही. तिथे जोर करू नकोस. फोटो कागदी पाकिटात घाल आणि पाकिटावर लिही, पण फोटो आत ठेवण्याआधी. चिकटचिठ्ठ्या, टाचण्या, रबरबँड यातलं काहीही फोटोला लागू देऊ नकोस.

डब्यात चिकट पानांचा अल्बम असेल तर त्यातले फोटो ओढून काढू नकोस. जुना गोंद फोटोचा पापुद्रा घेऊन निघतो. अख्ख्या पानाचाच मोबाइलवर फोटो घे आणि नंबर पानावरच टाक.

स्कॅनर येईल तेव्हा दोन्ही बाजू स्कॅन कर, छोटे फोटो ६०० डीपीआयवर. फाइलच्या माहितीत नावं लिहिता येतात, पण मेसेजमधून पाठवताना ती बरेचदा गळून पडतात. म्हणून नातेवाइकांना पाठवायच्या प्रतीखाली मी एक पांढरी पट्टी जोडतो आणि नावं त्या पट्टीतच टाकतो. चित्र जाईल तिथे नावं जातात.

जो चेहरा कुणालाच ओळखू आला नाही तिथे जागा कोरी सोडू नकोस. ‘अमुक तारखेला काकूंना विचारलं, ओळख पटली नाही’ असं लिही. नाहीतर पुन्हा पुन्हा तेच विचारून तू त्यांना छळशील.

रविवारी मी येतो, मोठ्या केलेल्या प्रती छापून आणायचं माझ्याकडे. तू तोवर डब्याचा वरून फोटो काढ आणि ज्यातलं कुणीच तुझ्या ओळखीचं नाही असे वीसेक फोटो मोबाइलवर टिपून मला पाठव. काकूंना माझा नमस्कार सांग आणि त्यांचा वाचायचा चष्मा कुठे आहे तेवढं बघून ठेव.

तुझा,
नेहमीचाच