गणेशोत्सव आढावा बैठक : रविवारी सकाळी १० वाजता, सोसायटीच्या गच्चीवर

सर्व सभासदांना नमस्कार,

विसर्जनाला आठवडा होत आला. आठवणी ताज्या आहेत तोवरच बसू. दिवाळीनंतर फक्त तक्रारी उरतात, आकडे विसरले जातात.

मुख्य विषय महाप्रसाद. कुपनं ३०० वाटली आणि माणशी १०० ग्रॅम धरून ३० किलो तांदूळ शिजवला. पत्रावळी ४०० आणल्या होत्या, ३५ उरल्या. म्हणजे जेवले साधारण ३६५. शेवटच्या पंगतीला मसालेभात संपला आणि दुसरा घाणा उतरेपर्यंत लोक पाऊण तास ताटकळले, कारण पातेल्यातल्या पाण्याला आधणच यायचं होतं. आचाऱ्यांची यात चूक नाही. मांडववाले, ढोलपथकातली मुलं आणि ऐनवेळी आलेले पाहुणे आपल्या मोजणीतच नव्हते. पुढच्या वर्षी कुपनांचा हिशेब दोन दिवस आधी बंद करावा, बिनकुपनवाल्यांची वेगळी यादी करावी आणि दुसऱ्या शेगडीवर आधण तयार ठेवावं, असा प्रस्ताव आहे.

आरतीच्या वेळा आणि वाढपाच्या पाळ्या यंदा चोख झाल्या. त्या तशाच लिहून ठेवू.

येताना मूळ पावत्या आणा, अंदाजे रक्कम नको. प्रत्येक मुद्द्यासमोर वहीत चार गोष्टी लिहू: काय ठरलं, काय झालं, कशामुळे, आणि पुढच्या वर्षी कोणी, कोणत्या तारखेपर्यंत करायचं. ज्यापुढे नाव नाही, तो मुद्दा सुटला असं धरणार नाही.

– उत्सव समिती