कनेक्ट खर्चण्याआधी जाहिरात वाचा

मा. संपादक,
स. न.

घरबसल्या परदेशी कामं मिळवण्याविषयीचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. त्यातला ‘रोज दहा प्रस्ताव पाठवा’ हा सल्ला नवख्यांना महागात पडेल, म्हणून लिहिते आहे. मी सांगलीत बसून अपवर्क या ऑनलाइन कामं मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर इंग्रजी-मराठी अनुवाद करते. तिथे प्रस्ताव, म्हणजे कामासाठीचा अर्ज, पाठवायचा तर ‘कनेक्ट’ नावाची टोकनं मोजावी लागतात. विकत घेतला तर एक कनेक्ट 15 सेंटला पडतो. कामाला 16 कनेक्ट मागितले असतील, तर नुसत्या अर्जाचे 2 डॉलर 40 सेंट, म्हणजे 200 रुपयांच्या वर जातात.

माझे असेच गेले. जाहिरात होती : ‘मराठी अनुवादक हवा, भरपूर काम, तपशील नंतर.’ ‘भरपूर’ला भुलून मी 16 कनेक्ट घातले. उत्तर लगेच आलं, नमुना म्हणून एका पुस्तिकेचं सातवं पान करून द्या. मी रात्री बसून ते केलं. पुढे एका मैत्रिणीशी बोलताना कळलं, तिला त्याच पुस्तिकेचं आठवं पान आलं होतं. आम्हा दोघींनाही पुन्हा निरोप आला नाही. पानं वाटून पुस्तिका फुकटात उरकायची, एवढाच तो बेत असावा.

त्या ग्राहकाची माहिती जाहिरातीशेजारीच होती, मीच पाहिली नव्हती. 25 जाहिराती आणि `Hire rate` 4 टक्के, म्हणजे 25 वेळा माणसं बोलावून एकदाच काम दिलेलं. आता मी आधी तो आकडा बघते, मग ग्राहकाने जाहिरात शेवटची कधी उघडली ते बघते. पाच-सहा दिवस तो फिरकलाच नसेल, तर माझा प्रस्ताव वाचणार कोण?

पण अगदी नव्या ग्राहकाचा आकडा शून्यच असणार, आणि त्यांच्यातही प्रामाणिक माणसं असतात. तिथे मी स्वतःला एकच विचारते : एवढ्या मजकुरावरून मला दर सांगता येईल का? शब्द किती, विषय कोणता, कधीपर्यंत हवं, हे लिहिलेलं असेल तर नव्या ग्राहकालाही मी कनेक्ट देते. यातलं काहीच नसेल आणि वर वीस पानं टाइप करायचे 500 डॉलर देऊ केले असतील, तर पान मिटते. असे लोक टेलिग्रामवर बोलावून ‘अनामत’ मागतात. काम देणाऱ्याला आपण पैसे भरायचेच नसतात.

‘पेमेंट पडताळलेलं’ या खुणेवरही विसंबू नका. पैसे द्यायचं साधन जोडलेलं आहे, एवढाच तिचा अर्थ. ठरावीक रकमेच्या कामात पहिल्या टप्प्याचे पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे काम पुरं होईपर्यंत अपवर्ककडे राखून, जमा झालेले दिसल्याशिवाय मी फाइल उघडत नाही.

फुकट नमुना मागणं अपवर्कच्या नियमातही बसत नाही. जाहिरातीवरच तक्रारीची सोय आहे. सातव्या पानाच्या वेळी मला ती माहीत नव्हती. आता असा नमुना मागितला की मी त्याच दिवशी तक्रार करते.

आपली,
एक अनुवादक, सांगली