वायदे बाजारात दाखवून मागे घेतल्या जाणाऱ्या ऑर्डरी : माननीय केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय अर्थमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदया,
स. न. वि. वि.

पुण्यातील रविवार पेठेत एका छोट्या सराफी पेढीचे हिशेब मी अनेक वर्षे पाहतो आहे. लग्नसराईत गिऱ्हाईक आजच्या भावाने सोने बुक करून जाते आणि दागिना महिन्याभराने नेते. मधल्या काळात भाव चढला तर पेढीचे नुकसान होऊ नये, म्हणून आम्ही सोन्याच्या वायद्यात, म्हणजे आज भाव ठरवून पुढच्या तारखेला पुरा होणाऱ्या सौद्यात, तेवढ्याच वजनाची खरेदी करून ठेवतो; यालाच हेजिंग म्हणतात. त्यामुळे रोज संध्याकाळी वायद्याचा पडदा माझ्यासमोर असतो, आणि त्या पडद्यावर दिसणाऱ्या ऑर्डरींपैकी खऱ्या किती, हा प्रश्न मला आपल्यापुढे मांडावासा वाटतो.

हा प्रश्न ऐकीव गप्पांतून आलेला नाही. सप्टेंबर 2020 मध्ये अमेरिकेच्या वायदे नियामकाने जेपी मॉर्गन या बँकेला मौल्यवान धातू आणि सरकारी रोख्यांच्या वायद्यांतील फसव्या ऑर्डरींबद्दल 92 कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला लावली. हे प्रकार किमान आठ वर्षे चालू होते आणि अशा ऑर्डरींची संख्या लाखांत होती, असे नियामकाने नोंदवले. पुढे ऑगस्ट 2022 मध्ये शिकागोच्या ज्युरीने या बँकेच्या मौल्यवान धातू विभागातील दोन माजी ट्रेडरांना दोषी ठरवले आणि 2023 मध्ये त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. ज्या न्यूयॉर्कच्या वायद्याकडे पाहून आपल्याकडचा संध्याकाळचा भाव हलतो, त्याच बाजारात हे घडले होते.

अशा फसव्या ऑर्डरींच्या प्रकाराला स्पूफिंग म्हणतात. स्पूफिंग म्हणजे पूर्ण करण्याचा इरादा नसलेली मोठी ऑर्डर केवळ इतरांना दिसावी म्हणून लावणे आणि ती पुरी होण्याआधी काढून घेणे. हे कसे चालते ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोल धरले आहेत. 100 ग्रॅमच्या लॉटचा वायदा असून भाव दहा ग्रॅमला बोलला जातो, म्हणजे भावातील एका रुपयाच्या फरकाने एका लॉटवर दहा रुपयांचा फरक पडतो. सर्वांत वरची खरेदीची बोली 1,00,000 आहे, सर्वांत खालची विक्रीची बोली 1,00,005 आहे आणि दोन्ही बाजूंना मोजकेच लॉट उभे आहेत. ज्याला स्वस्तात घ्यायचे आहे तो 99,985 ला दहा लॉटची खरी खरेदी लावतो. लगेच विक्रीच्या बाजूला 1,00,010, 1,00,015 आणि 1,00,020 या भावांना मिळून 230 लॉट उभे करतो. हे लॉट चालू भावाच्या किंचित वर ठेवलेले असतात, कारण ते विकले जावेत अशी त्याची इच्छाच नसते. आमच्यासारख्यांच्या पडद्यावर दोन्ही बाजूंच्या सर्वांत जवळच्या पाच बोली दिसतात, आणि त्यात एकाएकी विक्रीचा डोंगर उभा राहतो. कुणीतरी मोठा माणूस सोने काढतो आहे असे समजून माणसे आणि संगणकी प्रणाली आपापल्या खरेदीच्या बोली खाली ओढतात, काही जण घाईने विकतात. 99,990 च्या आसपास लावलेले स्टॉपलॉस, म्हणजे तोटा आवरण्यासाठी भाव तिथवर घसरताच आपोआप विक्री करणाऱ्या ऑर्डरी, सुटतात आणि ती विक्री थेट त्या 99,985 च्या खरेदीत जाऊन पडते. दहा लॉट मिळताच 230 लॉट रद्द होतात आणि भाव परत 1,00,000 वर येतो.

यात त्याला दर लॉटमागे 150 रुपये, म्हणजे एकूण 1,500 रुपये सुटले. मग तोच डाव उलट्या बाजूने खेळून तो चढ्या भावाला विकतो. ज्याचा स्टॉपलॉस सुटला त्याचे एका लॉटवर 150 रुपये गेले, दलाली आणि कर वेगळे, शिवाय सौदा हातातून सुटला तो निराळाच. दीडशे रुपयांसाठी कोणी तक्रार करत नाही, आणि म्हणूनच हा प्रकार वर्षानुवर्षे चालू शकतो. रोज ये-जा करणाऱ्या लहान ट्रेडरचे भांडवल मात्र असेच थोडेथोडे झिजते. आमच्यासारख्या हेजिंग करणाऱ्यांना त्याची झळ त्या मानाने कमी बसते, कारण आम्ही सौदा महिनाभर धरून ठेवतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ऑर्डर रद्द करणे हा गुन्हा नाही. दोन्ही बाजूंना बोली लावून बाजार चालता ठेवणारे भाव हलला की आपल्या ऑर्डरी सतत बदलतात, आणि ते तसे करतात म्हणूनच आम्हाला चांगला भाव मिळतो. भाव अचानक पडला म्हणजे कोणी पाडला असेही नाही. अमेरिकेचे रोजगार आणि महागाईचे आकडे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला आणि हिवाळ्यात सातला जाहीर होतात, त्या मिनिटाला सोने कोणत्याही लबाडीशिवाय शेकडो रुपये हलते. बँका मिळून सोन्याचा भाव वर्षानुवर्षे दाबून ठेवतात, हा आरोपही वरील खटल्यातून सिद्ध होत नाही. त्या ट्रेडरांची डावपेचांची दिशा कधी वर तर कधी खाली होती, आणि संघटित गुन्हेगारीच्या कटाच्या आरोपातून ज्युरीने त्यांना मुक्तही केले.

फरक ओळखायचा तो पुनरावृत्तीवरून. एका बाजूला छोटी ऑर्डर, समोर तिच्या कितीतरी पट मोठी, छोटी पुरी होताच काही क्षणांत मोठी गायब, लगेच बाजू उलट, आणि हेच एका खात्यातून पुन्हापुन्हा. अडचण अशी की हा नमुना फक्त एक्सचेंजच्या नोंदींत दिसतो. माझ्या हाती फक्त कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे दलालाने दिलेली सौद्याची पावती असते. तिच्यावर माझा ऑर्डर क्रमांक आणि वेळ असते. समोरची ऑर्डर कोणाची होती, ती किती वेळ उभी होती, कधी काढली, हे मला कधीच कळू शकत नाही. पुरावा ज्याच्याकडे नाही त्याच्याकडेच पुरावा मागणारी तक्रार व्यवस्था निरुपयोगी ठरते.

सेबीला हा विषय नवा नाही. एप्रिल 2025 मध्ये तिने शेअर बाजारातील अशाच प्रकाराबद्दल एका दलाल संस्थेविरुद्ध अंतरिम आदेश काढून 3.22 कोटी रुपयांची रक्कम रोखली. कमोडिटी वायदेही सप्टेंबर 2015 पासून सेबीच्याच अखत्यारीत आहेत, आणि सेबी आपल्या मंत्रालयाच्या कक्षेत येते. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, ट्रेडरने ऑर्डर क्रमांक आणि वेळ देऊन तक्रार केली, तर त्या वेळेच्या आगेमागे दोन मिनिटांच्या ऑर्डरी तपासून वर सांगितलेला नमुना आढळला की नाही, एवढे उत्तर ठरावीक मुदतीत देणे एक्सचेंजवर बंधनकारक करावे. कोणाचे नाव उघड करण्याची त्यासाठी गरज नाही.

दुसरी विनंती पैशांबाबत आहे. जेपी मॉर्गनने भरलेल्या रकमेत 31 कोटी डॉलरहून अधिक रक्कम नुकसान झालेल्यांच्या भरपाईसाठी दंडापासून वेगळी काढली होती. आपल्याकडेही फसवणुकीतून मिळवलेला नफा वसूल झाल्यावर, ज्यांचे स्टॉपलॉस त्या विशिष्ट क्षणी सुटले ते खातेदार एक्सचेंजच्या नोंदींवरून शोधता येतात. त्यांना त्यांचे दीडशे किंवा पंधराशे रुपये अर्ज न मागवता थेट खात्यात परत मिळावेत, अशी तरतूद कमोडिटी वायद्यांसाठी सेबीकडून करवून घ्यावी.

आपला नम्र,
सराफी पेढीतील एक हिशेबनीस
रविवार पेठ, पुणे