'प', 'द' आणि 'अ': नीटच्या मॉकचा तक्ता

लातूर

प्रिय निख्या,

तुझ्या चारही मॉकच्या प्रश्नपत्रिका मिळाल्या. कुठले प्रश्न सोडायचे याचा तक्ता करायला बसलो आणि निघालं भलतंच.

नीटमध्ये बरोबरला चार, चुकलं की एक वजा. म्हणजे पाचांत एक बरोबर आला तरी तू जिथल्या तिथे. डोळे मिटून गोळा मारला तरी सरासरी चारांत एक लागतोच. म्हणून 'शंका आली की सोड' हा क्लासवाल्यांचा सल्ला मला सरसकट पटत नाही.

बरं झालं, तू सोडवतानाच प्रश्नाशेजारी अक्षर टाकलंस: पक्का 'प', दोन पर्यायांत अडकलेला 'द', अर्धवट येणारा 'अ'. उत्तरतालिका बघून टाकलं असतंस तर चुकलेले सगळेच 'अ' झाले असते!

जीवशास्त्रातले 'द' 64. त्यातले 35 बरोबर, 29 चूक. 140 वजा 29, म्हणजे 111 गुण जमा. ते बिनधास्त सोडव. भौतिकशास्त्रातले 'अ' 40, बरोबर फक्त 7. 28 मिळाले, 33 गेले. गोळ्यापेक्षाही वाईट, कारण चुकीचे पर्याय नेहमीच्या चुकांवरूनच काढलेले असतात. दोन किलोची वस्तू, वेग सेकंदाला तीन मीटर, गतिज ऊर्जा काढायची. सूत्रातला अर्धा विसरलास की 18 ज्यूल येतात, आणि पर्यायांत 18 असतोच. उत्तर जुळलं म्हणून तू खूश. खरं उत्तर 9. अर्थात 40 प्रश्न म्हणजे फार नाहीत. आठ बरोबर आले असते तर तोटा नसता, आणि सात की आठ एवढा फरक नशिबानेही पडतो. आणखी दोन-तीन मॉकची भर पडेपर्यंत ते अगदी शेवटी ठेव. वेळही तेच जास्त खातात.

पण खरी गळती 'प'मध्ये आहे. 440 पैकी 28 चूक. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण पक्का चुकला की मिळणारे चार जातात आणि वर एक कापला जातो, म्हणजे पाचाचा फटका. 28 गुणिले पाच, 140. दर पेपरला 35 गुण. 'अ'मधलं तुझं नुकसान चार पेपर मिळून पाच गुणांचं, आणि आपण चर्चा करतोय त्याची.

ते 28 मी एकेक करून पाहिले. बरेचसे 'अयोग्य विधान ओळखा' छापाचे आहेत; तू पहिलं योग्य विधान दिसताच गोल रंगवून मोकळा. ओएमआरवर पेनाने रंगवलेलं खोडता येत नाही. तेव्हा 'अयोग्य', 'नाही', 'वगळता' दिसलं की आधी शब्दाभोवती गोल कर आणि चारही विधानांपुढे बरोबर-चूक लिही. बाकीचे आकडेमोडीत गेलेत.

रविवारच्या मॉकला 'प'चेच दोन भाग कर: पाठ असलेला 'प1', गणित करून आलेला 'प2'. पेपर झाला की प्रश्नपत्रिकेचे फोटो लगेच पाठव, तालिका बघायच्या आधी.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अव्या