जामीन राहण्याबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, "सहीच तर करायचीय, पैसे कुठे द्यायचेत?" माझ्या मित्राच्या कर्जाला मी जामीन राहावं म्हणून त्याच्या वडिलांनी तुम्हाला गळ घातली, हे मला कळतं. तो प्रामाणिक आहे, हप्ते चुकवणार नाही, यावर माझाही विश्वास आहे. तरी मी जामीन राहणार नाही. का, ते फोनवर नीट सांगता आलं नाही.

त्याने एक हप्ता चुकवला नाही तरी ते कर्ज माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये माझ्या नावावर, जामीनदार म्हणून दिसतं. आपण घरासाठी कर्ज मागायला गेलो की बँक आधी तेच बघणार. हिशोब असा. माझ्या हातात महिन्याला 60,000 येतात. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून साधारण निम्म्याच्या आत बसावेत, असं बँक धरते असं समजा, म्हणजे 30,000. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी त्यावर साडेचौतीस लाखांपर्यंत कर्ज बसतं. मित्राला हवेत दहा लाख, बारा टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. त्याचा हप्ता साधारण 22,250. बँकेने तो पूर्ण माझ्या खात्यात धरला, तर मला उरतात 7,750, आणि कर्ज मिळतं नऊ लाखांच्या आत. काही बँका निम्मा हप्ता धरतात, तो त्याच्याच खात्यातून जातो हे दाखवलं तर काही अजिबात धरत नाहीत. पण आपला अर्ज कुठल्या बँकेत आणि कुणाच्या टेबलावर जाईल, हे आज कसं सांगू? आई, तुझ्या गुडघ्यांसाठी तळमजल्यावरचं घर पुढच्या वर्षी घ्यायचंच आहे मला.

आणि तो खरंच अडचणीत आला तर? बहुतेक जामीनपत्रांत जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं मला म्हणता येत नाही. थकलेल्या हप्त्यांचा डाग माझ्याही रेकॉर्डवर येतो. उद्या आमचं बिनसलं म्हणून मला बाहेरही पडता येत नाही. कर्ज फिटेल किंवा बँक दुसरा जामीनदार मान्य करेल, तेव्हाच सुटका.

धंद्याचं कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत पैसे उचलायचे, भरायचे आणि पुन्हा उचलायचे असं कर्ज असेल तर जास्तच जपायला हवं, कारण त्यातली जामीनकी बहुधा चालू राहणारी असते. आजची रक्कम फेडून त्याने पुन्हा उचल केली, तरी मी बांधलेलीच.

मी त्याला स्पष्ट सांगितलंय. परत आले नाहीत तरी आपलं काही अडणार नाही, एवढे पैसे मी त्याला हातउसने देईन. शिवाय तारण देऊन किंवा रक्कम कमी करून जामिनाशिवाय कर्ज मिळतं का, हे विचारायला बँकेत त्याच्यासोबत जाईन. तो थोडा हिरमुसला, पण समजला.

बाबा, आता ते तुमच्याकडे सही मागतील. कृपा करून करू नका. तुमच्या मुदत ठेवींवर बँक हात ठेवू शकते, आणि जामीनदार गेला तरी तोवरची जबाबदारी त्याच्या मालमत्तेवर राहते, म्हणजे ओझं आईवर येईल. त्यांना माझं नाव सांगा, मुलगी नको म्हणते म्हणून. कुठला कागद समोर आलाच, तर सही करण्याआधी त्याचा फोटो मला पाठवा.

तुमची लेक