भीती जाण्याची वाट न पाहता गर्दीत परतताना

मा. संपादक,

महोदय,

सणासुदीला बाजारपेठांत आणि लोकलमध्ये उसळणाऱ्या गर्दीच्या बातम्या आपल्या दैनिकात नियमितपणे येतात आणि त्या यायलाच हव्यात. मात्र या गर्दीच्या जवळपासही न फिरकणारी काही माणसे असतात, त्यांच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. अशाच एखाद्या गर्दीत त्यांना कधीतरी पॅनिक अटॅक येऊन गेलेला असतो आणि त्यानंतर बाजार, रेल्वेचा पूल, लोकलचा डबा ही ठिकाणे एकेक करून त्यांच्या आयुष्यातून वजा होत जातात. मी त्यांच्यापैकी एक होते. आज मी डोंबिवलीहून दादरला नोकरीसाठी पुन्हा लोकलने ये-जा करते. मधल्या काळात जो उपचार मिळाला त्यातला मुख्य भाग घरोघरी दिल्या जाणाऱ्या सल्ल्याच्या नेमका उलट आहे, म्हणून हे पत्र.

मला झटका आला तो सकाळच्या गाडीत, बायकांच्या डब्यात, दोन बाकांच्या मधल्या जागेत उभी असताना. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, घशाला कोरड, आणि आता आपण इथेच कोसळणार अशी खात्री. पुढच्या स्टेशनवर उतरले, फलाटावरच्या बाकावर बसले आणि थोड्या वेळात सगळे निवळले. पहिल्याच वेळी अशा त्रासाला मनाचा खेळ समजून सोडून देऊ नये. माझ्या डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासले आणि सगळे ठीक निघाल्यावरच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. तिथे मला जे समजावून सांगण्यात आले ते असे. भीती वाटली की श्वास जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे मुंग्या येतात, डोके हलके वाटते. अशा झटक्यात रक्तदाब सहसा खाली न जाता थोडा वरच जातो, त्यामुळे पडणार असे कितीही वाटले तरी माणूस बेशुद्ध होऊन पडणे क्वचितच घडते. आणि बहुतेक झटके साधारण दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचून आपोआप उतरू लागतात.

खरी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. मी उतरले नसते तरी तो झटका ओसरलाच असता. पण भीती टोकाला असताना मी उतरले, त्यानंतर बरे वाटले, आणि ‘उतरले म्हणून वाचले’ एवढीच नोंद मनाने करून ठेवली. दुसऱ्या दिवशी गाडीत चढण्याआधीच छाती धडधडू लागली. मग जलद गाडी सुटली, पाठोपाठ धीमी सुटली, नंतर संध्याकाळचा फडके रोड सुटला, आणि शेवटी बँकेत चार माणसे रांगेत दिसली तरी मी दारातून परत फिरू लागले. घरची मंडळी मायेने म्हणत, ‘आधी पूर्ण बरी हो, मग जा.’ हाच तो सल्ला. भीती जाण्याची वाट पाहत घरी बसले की ती जात नाही, कारण ती खोटी ठरण्याची संधीच तिला मिळत नाही.

उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी माझ्याकडून वहीत एक उतरंड लिहून घेतली. ज्या जागा मी टाळत होते त्यांना शून्य ते दहा असे भीतीचे गुण द्यायचे. सकाळी लवकर भाजीबाजारात जाणे तीन. दुपारी डोंबिवलीहून धीम्या गाडीने कोपरपर्यंत, म्हणजे एकच स्टेशन, चार. संध्याकाळी फडके रोडवर एखाद्या दुकानात शिरून खरेदी करणे पाच. धीम्या गाडीने ठाण्यापर्यंत सहा. जलद गाडीला आठ, कारण डोंबिवली सोडली की बहुतेक जलद गाड्या थेट ठाण्यालाच थांबतात आणि मध्ये उतरण्याची सोय राहत नाही. सर्वांत वर, ऑफिस सुटण्याच्या वेळी दादरचा पूल उतरून फुलबाजारातून चालत जाणे. सुरुवात तळापासून करायची, एकेक पायरी आठवड्यातून अनेकदा करायची आणि ती कंटाळवाणी वाटू लागली की वर चढायचे. महिन्यातून एकदा धीर एकवटून केलेल्या मोठ्या प्रवासापेक्षा रोजचे कोपर अधिक कामाचे, हे मला तिथेच कळले.

प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी वहीत एक ओळ लिहायची असे: आज काय होईल असे वाटते? माझी ओळ बहुधा ठरलेली असे, ‘चक्कर येऊन पडेन आणि बायका गोळा होतील.’ परत आल्यावर शेजारी प्रत्यक्षात काय झाले ते लिहायचे. धडधडले, घाम आला, एका बाईंनी ‘कुठे उतरणार?’ विचारले, त्या कुर्ल्याला उठल्यावर चौथी सीट मिळाली, पडले नाही. अशा नोंदी साचत गेल्या तसा ‘पडेन’ या शब्दातला जोर कमी होत गेला. भीती शून्यावर आली पाहिजे असा आग्रह मानसशास्त्रज्ञ बाईंनी कधीच धरला नाही. भीती असतानाही जे घडेल असे वाटत होते ते घडले नाही, हे पुन्हा पुन्हा अनुभवणे त्यांच्या लेखी महत्त्वाचे होते.

इथे एक अडचण येते आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. माणूस गर्दीत जातो, पण आधार घेऊन जातो. माझ्या पर्समध्ये पाण्याची बाटली, औषधाची एक गोळी आणि लिमलेटची गोळी असे. कानाला फोन लावून बहिणीशी बोलणे चालू असे. आणि उतरायला सोपे म्हणून मी दाराजवळच उभी राहत असे. हे आधार वरवर निरुपद्रवी दिसतात, पण सुखरूप पोहोचल्याचे श्रेय पुन्हा त्यांनाच मिळते. म्हणून एकेक आधार ठरवून सोडावा लागला. आधी फोन, मग यजमानांची सोबत, आणि सर्वांत शेवटी ती औषधाची गोळी. दाराजवळची जागा मात्र पहिल्याच दिवशी सोडायला सांगितली होती, कारण लोकलच्या दारात उभे राहणे हा मुळातच जिवाशी खेळ आहे.

एके दिवशी दिवा सोडल्यावर गाडी सिग्नलला थांबली. पंखे फिरत होते, पण वारा येईना. मी खिडकीपासून दूर, बाकांच्या मध्ये उभी होते. धडधड सुरू झाली आणि खोल खोल श्वास घ्यावेत असे वाटू लागले; पण मोठे जलद श्वास घेतले की मुंग्या वाढतात, हे ठाऊक असल्याने मी श्वास मुद्दाम वाढवला नाही. डोळे मिटले नाहीत, फोन काढला नाही. समोरच्या बाकावर एक बाई मांडीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होत्या, त्यांच्या हातांकडे पाहत राहिले आणि भीती वर चढते आहे, एवढेच स्वतःशी म्हणत राहिले. ती चढली, काही काळ तिथेच राहिली आणि गाडी हलण्याच्या आधीच उतरू लागली. गाडी हलण्याच्या आधी, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण सुटकेचे श्रेय द्यायला त्या दिवशी स्टेशनही नव्हते.

यावर कोणी म्हणेल की मुंबईची गर्दी खरोखरच धोकादायक आहे, मग तिची भीती हा आजार कसा? हा आक्षेप मला पूर्णपणे रास्त वाटतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले, हे कोणी विसरू नये आणि कोणत्याही उपचाराने ते विसरायला लावू नये. म्हणून आम्ही धोक्याचे निकष घरून निघण्यापूर्वीच ठरवून ठेवले होते. पुलावरची माणसे पुढे सरकतच नसतील, छातीपुढे हात आणायला जागा नसेल किंवा गर्दीच्या रेट्याने आपले पाय आपल्या मर्जीविना हलू लागतील, तर तिथे शिरायचे नाही आणि शिरलो असू तर कडेने बाहेर पडायचे. लटकून प्रवास करायचा नाही. हे निकष बाहेरच्या परिस्थितीचे आहेत, कोणाच्याही डोळ्यांना दिसणारे आहेत. माझ्या छातीची धडधड त्या यादीत नाही. पूल वाहता असेल आणि केवळ धडधडत असेल, तर पूल ओलांडायचा. या एका भेदामुळे मला सावधपणाही राखता आला आणि दादरही परत मिळाले.

औषधांविषयी थोडेसे. मला रोज घ्यायची एक गोळी दिली होती. अशा गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात. तत्काळ शांत करणाऱ्या गोळ्या वेगळ्या. त्यांची सवय लागू शकते, शिवाय गाडीत चढण्यापूर्वी ती घेतली तर त्या प्रवासातून मन काही शिकत नाही. ज्यांना हृदयविकार, दमा किंवा फिट्स आहेत, ज्या गरोदर आहेत, त्यांनी सामोरे जाण्याचे हे सराव तज्ज्ञांना विचारूनच आखावेत. आणि सुधारणा सरळ रेषेत होत नाही. आजारपणानंतर, रात्रीच्या जागरणानंतर किंवा मोठ्या सुट्टीनंतर माझी भीती पुन्हा वर आली. तेव्हा दोन पायऱ्या खाली येऊन कोपरपासून पुन्हा चढले, आणि दुसऱ्या वेळी चढायला कमी वेळ लागला.

आपणास एक विनंती आहे. गर्दीच्या दुर्घटनेची बातमी छापताना तिच्याजवळ टेलि-मानस या केंद्र सरकारच्या विनामूल्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चौकटीत द्यावा. तिथे मराठीतून बोलता येते, आणि जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या गावातल्या माणसालाही निदान कुठे जावे हे कळू शकते. तसेच आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत घरच्यांसाठी एखादा लेख द्यावा. माझ्या यजमानांना सर्वांत कठीण गेले ते मी ‘आज नको’ म्हटल्यावर काय बोलावे हे ठरवणे. ‘राहू दे’ म्हटले तर भीती वाढते आणि ‘काही होत नाही, चल’ म्हटले तर माणूस दुखावतो. बाईंनी त्यांना जे वाक्य शिकवले ते असे: ‘आज जलद नको असेल, तर कोपरपर्यंत जाऊन येतेस का?’

आपली विश्वासू,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)